इंदिरानगरच्या मॅडमकडे 7 महिने इंग्रजी शिकल्यानंतर: मराठी आधी, इंग्रजी हळूहळू

मी अंबडच्या एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. बिल्टी, ई-वे बिल, गाडी लावणं ही कामं नऊ वर्षं करतेय आणि त्यात मला कुणी अडवू शकत नाही. अडचण फोनची होती. आमचं निम्मं मटेरियल कोइमतूरला जातं, तिथल्या लोकांना मराठी-हिंदी कळत नाही, आणि त्यांचा फोन आला की मी तो शेजारच्या टेबलावर द्यायचे. गेल्या वर्षी तो शेजारचा माणूस नोकरी सोडून गेला.

आधी मी एका मोठ्या क्लासला दोन महिने गेले होते. तिथे पहिल्या दिवसापासून फक्त इंग्रजी. मराठी शब्द निघाला की दहा रुपये दंड. मी दंड टाळायला गप्प बसायला शिकले, बाकी काही नाही. त्यानंतर कुणीतरी इंदिरानगरमधल्या या मॅडमबद्दल सांगितलं. चार जणींची बॅच, आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी 7 ते 8, त्यांच्या घरीच.

पहिले दोन आठवडे मॅडम जवळजवळ सगळं मराठीत बोलल्या. मला वाटलं, पैसे वाया चालले. पण नीट पाहिल्यावर लक्षात आलं की रोज तीच दहा-बारा वाक्यं त्या इंग्रजीत बोलत होत्या: वही उघडा, पुन्हा म्हणा, कोण सांगतंय, आज कोण आलं नाही. हातवाऱ्यांसकट आणि नेमकी त्याच वेळी. तिसऱ्या आठवड्यात ती वाक्यं आम्हाला इंग्रजी वाटतच नव्हती, इतकी सवयीची झाली होती.

या पद्धतीचा गाभा मला उशिरा कळला. मॅडम दर आठवड्याला मराठी सरसकट कमी करत नाहीत. कोणतं काम कोणत्या भाषेत, हे त्या ठरवतात आणि एकेक काम इंग्रजीकडे सरकवतात. आधी सूचना. मग तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात प्रश्न: त्या इंग्रजीत विचारायच्या, चेहरा कोरा दिसला तर एकदा मराठीत सांगायच्या, आणि लगेच पुन्हा इंग्रजीत. उत्तर मात्र आम्ही मराठीत दिलं तरी चालायचं. ऐकून समजणं आधी येतं आणि बोलणं मागून, म्हणून त्यांचं इंग्रजी आमच्यापेक्षा दोन-तीन आठवडे पुढे असायचं. सहाव्या आठवड्यापासून आमची उत्तरं इंग्रजीत. चुका सुधारणं नवव्या आठवड्यात इंग्रजीत गेलं. व्याकरण समजावणं सगळ्यात शेवटी, चौथ्या महिन्यात.

व्याकरण शेवटी का, याचं एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण माझी सर्वांत जुनी चूक त्यातच होती. मी कायम म्हणायचे, 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स नाइन इयर्स.' मॅडमनी मला चूक आहे एवढंच सांगितलं नाही. त्यांनी मराठीतलं 'पासून' फळ्यावर लिहिलं. 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून', दोन्हीकडे आपल्याला एकच शब्द पुरतो. पण पहिल्यात एक ठिकाण आहे, जिथून मोजायला सुरुवात झाली, आणि दुसऱ्यात लांबी आहे. इंग्रजी या दोन्हींना वेगळे शब्द देते: ठिकाणाला सिन्स, लांबीला फॉर. मग त्यांनी मराठीतलीच एक कसोटी दिली. 'पासून' काढून पुढे 'गेले' लावून बघा. 'गेले तीन दिवस' म्हटलं तर अर्थ तोच राहतो, म्हणून फॉर. 'गेला सोमवार' म्हटलं तर अर्थच बदलतो, म्हणून सिन्स.

पुढची अर्धी गोष्ट क्रियापदाची. 'काम करतेय' म्हणताना आपण आजचंच बोलतो, मागची नऊ वर्षं 'पासून' सांभाळतो. इंग्रजीत ती क्रियापदातही दिसावी लागतात, म्हणून 'हॅव बीन वर्किंग'. शेवटी वाक्य झालं, 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर नाइन इयर्स.' हे सगळं वीस मिनिटांत झालं. हेच इंग्रजीत सांगितलं असतं तर 'पासून'ची ती दोन रूपं मला दिसलीच नसती, कारण अडचण माझ्या मराठीत बसलेली होती.

एकदा मात्र गाडी रुळावरून घसरली. आठव्या आठवड्यात मॅडमना बॅच तयार वाटली आणि त्यांनी एक नवा काळ सरळ इंग्रजीत समजावला. आम्ही चौघी माना हलवून 'येस मॅडम' म्हणालो. दुसऱ्या दिवशी चौघींनी तोच काळ चार वेगळ्या पद्धतींनी चुकवला. मॅडम म्हणाल्या, "चूक माझी आहे, मी घाई केली. पण ताई, समजलं नाही तर मान हलवू नका." तेव्हापासून त्यांनी नियमच केला: इंग्रजीत काही समजावलं की आमच्यातली एक जण तेच मराठीत सांगणार. सांगता आलं नाही तर तो विषय पुन्हा मराठीत. कोणत्याही शिकवणीत इंग्रजी झेपतंय की नाही हे बघायला मला याहून चांगली खूण माहीत नाही.

उलटी अडचणही आली. आमच्यातली एक ताई दहाव्या आठवड्यातही मराठीतच उत्तरं द्यायची, आणि मॅडम तिला फार दिवस सूट देत राहिल्या. मला हे पटलं नव्हतं, तसं मी बोललेही. मग चिंचोके आले. तासाच्या सुरुवातीला प्रत्येकीला दहा चिंचोके, एक मराठी वाक्य बोललं की एक वाटीत टाकायचा. नंतर सात, मग पाच, मग तीन. दंडात आणि यात फरक आहे: इथे मराठी बोलायची परवानगी असते, फक्त ती कशासाठी खर्च करायची याचा विचार करावा लागतो. ती ताई आता चिंचोके शिल्लक ठेवून घरी जाते.

उणीव सांगायची तर फोनवरचं इंग्रजी. मॅडमचं बोलणं सावकाश आणि मराठी वळणाचं, ते समजतं म्हणून कोइमतूरचं समजेल असं नाही. पहिला फोन मी घेतला तेव्हा समोरच्याचं निम्मं बोलणं निसटलं. मी हे सांगितल्यावर मॅडम शेजारच्या खोलीतून फोन करून भराभर बोलू लागल्या, चेहरा न दिसता. त्याने फरक पडला, पण हे तिसऱ्या महिन्यातच व्हायला हवं होतं. ज्यांना पंधरा दिवसांत मुलाखत द्यायची आहे त्यांनीही इथे येऊ नये, तेवढ्या वेळात प्रश्न इंग्रजीत यायलाही सुरुवात होत नाही.

सोमवारी कोइमतूरहून फोन आला, माल का आला नाही म्हणून. मी म्हणाले, 'द व्हेइकल हॅज बीन स्टँडिंग ॲट द चेकपोस्ट सिन्स मॉर्निंग, प्लीज गिव्ह मी वन अवर.' तासाभराने मीच त्यांना फोन केला.

फी महिना 1,800 रुपये, आणि बघायला जायचंच असेल तर नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी जाऊ नका, तेव्हा सगळं मराठीच ऐकू येईल. चौथ्या आठवड्यातला एखादा तास बसून बघा.