विक्री, बायबॅक की लिस्टिंग? शिरोलीतल्या एका फौंड्रीचं गणित मांडून

गुंतवणूकदारापुढे ठेवायच्या आराखड्यात शेवटी एक ओळ हमखास असते: ‘पाच-सहा वर्षांनी कंपनीची विक्री, बायबॅक किंवा आयपीओ यांपैकी कोणत्याही मार्गाने बाहेर पडता येईल.’ पैसे घालणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. त्याला किती रक्कम, कधी, कुणाच्या खिशातून आणि कुणाच्या होकारानं मिळणार, हे हवं असतं. म्हणून तिन्ही वाटा एकाच कंपनीच्या आकड्यांवर तपासून बघू.

उदाहरणासाठी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री आणि तिला जोडून मशीनशॉप धरू. एका गुंतवणूकदारानं ४ कोटी घालून २० टक्के हिस्सा घेतला. सहा वर्षांनी व्याज, घसारा आणि कर यांच्या आधीचा नफा ९ कोटी आहे, करानंतरचा ३.८ कोटी. कर्ज १४ कोटी, भागभांडवल आणि राखीव निधी मिळून २० कोटी.

आधी विक्री. असा व्यवसाय घेणारा सहसा मोठा कास्टिंगवाला किंवा वाहनांचे सुटे भाग बनवणारा समूह असतो. त्यानं ९ कोटींच्या सहापट, म्हणजे ५४ कोटी किंमत लावली असं समजू. त्यातून १४ कोटींचं कर्ज वजा जातं, हे आराखड्यात फार वेळा विसरलं जातं. उरले ४० कोटी, आणि आपल्या गुंतवणूकदाराचे ८ कोटी. चाराचे सहा वर्षांत आठ, म्हणजे वर्षाला साधारण १२ टक्के. खरेदीदार त्यातले १५ टक्के वर्ष-दीड वर्ष रोखून ठेवतो असं धरा. मग पहिल्या दिवशी हातात ६.८ कोटी येतात, उरलेले मागचा कर किंवा पीएफची थकबाकी निघाली नाही तर.

सौदा मोडतो तो बहुधा किमतीवरून नव्हे, तपासणीत. शेड वडिलांच्या नावावर आणि भूखंड एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याचा. हस्तांतराला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. ओतकामाचे साचे ज्यांवरून बनतात ते पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचे असतात, त्यामुळे मालक बदलल्यावर गिऱ्हाईक ते उचलून दुसरीकडे नेऊ शकतं. निम्म्याहून जास्त माल एकाच गिऱ्हाइकाला जात असेल, तर खरेदीदार आधी त्या गिऱ्हाइकाशी बोलू द्या म्हणतो. ही कागदपत्रं गुंतवणूक घेतानाच नीट केली, तर सहाव्या वर्षी भाव पडत नाही.

त्याहून मोठा प्रश्न घरातला. २० टक्क्यांचा तुकडा एकटा कुणी घेत नाही. खरेदीदाराला ताबा हवा असतो. म्हणजे कुटुंबानं विकायची तयारी दाखवली तरच ही वाट उघडते. दोन भाऊ आणि एक चुलते भागीदार असतील आणि चुलत्यांना ‘आजोबांनी उभी केलेली फौंड्री’ विकायचीच नसेल, तर आराखड्यात विक्री पहिल्या क्रमांकावर लिहिणं म्हणजे गुंतवणूकदाराची फसवणूक आहे. विकायची तयारी असेल, तर प्रवर्तक विकतील त्याच भावानं माझाही हिस्सा विकला जाईल, हा हक्क गुंतवणूकदार करारात मागतो. तो बिनधास्त द्यावा.

कुटुंबाला कंपनी ठेवायची असेल तर बायबॅक, म्हणजे कंपनीनंच आपले शेअर परत विकत घेणं, जवळचं वाटतं. कोल्हापुरातल्या आराखड्यांत सर्वांत सैलपणे लिहिली जाणारी वाटही हीच. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६८ प्रमाणे एका बायबॅकमध्ये भरणा झालेलं भागभांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या बेरजेच्या २५ टक्क्यांपर्यंतच रक्कम वापरता येते. आपल्या कंपनीत ती ५ कोटी. दोन बायबॅकमध्ये वर्षाचं अंतर लागतं. बायबॅकनंतर कर्ज हे भांडवल आणि निधी यांच्या बेरजेच्या दुपटीपेक्षा जास्त असून चालत नाही; ते इथं अडत नाही. कायद्यानं पाहिलं तर ८ कोटी दोन हप्त्यांत देता येतात.

पण पैसा कुठाय? ३.८ कोटी नफा आणि २.५ कोटी घसारा मिळून वर्षाला ६.३ कोटी रोख येते. त्यातून कर्जाचे हप्ते २.५ कोटी. गिऱ्हाईक बिल दोन-तीन महिन्यांनी देतं, त्यामुळे धंदा वाढला की खेळतं भांडवलही वाढतं. ते आणि नवी मशिनं मिळून २ कोटी. उरतात १.८ कोटी. कायद्याच्या दोन हप्त्यांचे प्रत्यक्षात चार ते साडेचार होतात. सहाव्या वर्षापासून दरवर्षी २ कोटी, असे चार हप्ते त्याच भावानं दिले, तर गुंतवणूकदाराचा परतावा १२ वरून दहा टक्क्यांच्या थोडा खाली येतो. बँकेची सीसी लिमिट असेल तर तिचं ना-हरकत पत्रही लागतं, आणि राखीव निधी बाहेर जाताना बघून बँक प्रश्न विचारणारच.

आणखी एक बारीक गोष्ट. बायबॅकची ऑफर सर्व भागधारकांना त्यांच्या प्रमाणात द्यावी लागते. एकट्या गुंतवणूकदाराचे शेअर घ्यायचे, तर घरच्यांनी आपली ऑफर नाकारायला हवी. ते तसं करतील हे आधीच करारात लिहून घ्यावं. करही बघावा लागतो: १ ऑक्टोबर २०२४ पासून तो कंपनीऐवजी भागधारकाकडे गेला, म्हणून बाहेर पडायच्या वर्षीचा नियम सीएकडून तपासूनच हातात पडणारी रक्कम लिहावी.

लिस्टिंगचा आकडा सर्वांत मोठा दिसतो. करानंतरच्या ३.८ कोटी नफ्याच्या पंधरापट धरली तर कंपनी ५७ कोटींची, गुंतवणूकदाराचे ११.४ कोटी. कोल्हापुरात हे स्वप्नातलं नाही. इथली सिनर्जी ग्रीन इंडस्ट्रीज २०१८ मध्ये बीएसईच्या छोट्या-मध्यम कंपन्यांसाठीच्या एसएमई मंचावर आली आणि पुढे मुख्य बाजारात गेली. एसएमई मंचासाठी तीनपैकी दोन वर्षांत किमान १ कोटी परिचालन नफा ही अटही आपली कंपनी सहज पाळते.

मात्र आयपीओ आला म्हणजे गुंतवणूकदार सुटला, असं नाही. मार्च २०२५ च्या सेबीच्या दुरुस्तीनंतर एसएमई इश्यूत जुन्या भागधारकांनी विकायचे शेअर एकूण इश्यूच्या २० टक्क्यांपर्यंतच असतात. २० कोटींच्या इश्यूत ते ४ कोटी, आणि तेही घरच्यांना काहीच विकायचं नसेल तर. उरलेल्या ७.४ कोटींच्या शेअरवर साधारण वर्षभराचं बंधन. ते उठल्यावर रोजची उलाढाल ५ लाखांची असेल आणि भाव न पाडता तिच्या पावपट माल विकायचा असेल, तर दिवसाला सव्वा लाख. म्हणजे जवळपास ६०० कामकाजाचे दिवस, दोन वर्षांहून जास्त. अशा शेअरमध्ये उलाढाल रोज सारखी राहतेच असं नाही.

मला विचाराल तर अशा आकाराच्या कंपनीनं एकच वाट मुख्य म्हणून लिहावी, आणि ती कुटुंबाच्या खऱ्या मनाप्रमाणे. विकायची तयारी असेल तर विक्री, खरेदीदारांच्या प्रकारांसकट. नसेल तर बायबॅक, पण असा: ‘सहाव्या वर्षापासून दरवर्षी २ कोटींपर्यंत, चार हप्त्यांत, किंमत प्रत्येक वर्षीच्या मूल्यांकनानुसार, एखादं वर्ष चुकलं तर ती रक्कम पुढच्या वर्षात जोडली जाईल आणि दोन वर्षं सलग चुकली तर गुंतवणूकदाराला बाहेरचा खरेदीदार आणता येईल.’ आयपीओ ‘करानंतरचा नफा सलग दोन वर्षं ५ कोटींच्या वर गेल्यास विचार केला जाईल’ एवढ्या अटीसह खाली लिहावा, आणि परताव्याच्या तक्त्यात त्याचा आकडा धरू नये.