रिअल अ‍ॅनालिसिसचा शेवटचा आठवडा: पुढून की मागून?

परीक्षेआधीच्या शेवटच्या आठवड्यात उजळणी करायच्या दोन पद्धती आहेत. पहिली पद्धत सरळ आहे: दोन दिवस सिक्वेन्स, तीन दिवस सिरीजच्या टेस्ट, दोन दिवस पॉवर सिरीज. मी एकदा असंच केलं. सिक्वेन्समध्येच चार दिवस गेले आणि पॉवर सिरीज आदल्या रात्री उरकली.

दुसऱ्या पद्धतीत पहिल्या दिवशीच पॉवर सिरीजचं गणित घ्यायचं आणि जिथे अडेल तिथे मागे जायचं. उदाहरणार्थ Σ (x−2)ⁿ/(n·3ⁿ). रेशो टेस्ट लावली की लिमिट |x−2|/3 येते, म्हणजे त्रिज्या 3 आणि −1 < x < 5 मध्ये सिरीज कन्व्हर्ज होते. बरेच जण इथेच थांबतात. टोकांवर मात्र ही लिमिट 1 येते, म्हणजे रेशो टेस्ट काहीच सांगत नाही. x = 5 ला Σ 1/n उरते, ती डायव्हर्ज. x = −1 ला Σ (−1)ⁿ/n उरते. 1/n घटत शून्याकडे जातो, म्हणून लायब्निझ टेस्टने ती कन्व्हर्ज होते. उत्तर [−1, 5). एका गणितात तीन टेस्टची उजळणी झाली, आणि कोणती कच्ची आहे तेही कळलं.

पण ε–N च्या सिद्धता या वाटेने येत नाहीत. ‘प्रत्येक कॉशी सिक्वेन्स बाउंडेड असते’ हे वही न बघता लिहिता येत नसेल, तर पहिले दोन दिवस सरळ पद्धतीला द्या, मग उलटे फिरा. मी आता तेच सुचवतो.