आठ महिने वापरलेली ऑर्डरची शीट: ‘झालं’चा कॉलम काढला आणि अडकलेले पैसे दिसू लागले

लातूरला घरून काळा मसाला, कारळ्याची चटणी आणि ज्वारीचे पापड विकते. माल बहुतेक पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्याच भागातल्या लोकांकडे जातो. आठ महिन्यांपूर्वी वही बंद करून गूगल शीट सुरू केली. एका ऑर्डरला एक ओळ, एवढाच नियम ठेवला.

पहिले दोन महिने शीटमध्ये ‘स्थिती’ असा एक कॉलम होता. त्यात ‘पाठवलं’, ‘झालं’, ‘परत’ असं लिहायचे. पण ‘झालं’ म्हणजे पार्सल पोहोचलं की पैसे आले? मी एका अर्थाने लिहायचे, जाऊबाई दुसऱ्या अर्थाने. घरपोच पैसे घेणाऱ्या ऑर्डरीत या दोन गोष्टींमध्ये आठवडा सहज जातो. शेवटी तो कॉलम काढला आणि नुसत्या तारखा ठेवल्या: पाठवलं कधी, पोहोचलं कधी, परत आलं कधी, पैसे जमा कधी. तारखेत मनाचं काही लिहिता येत नाही.

आता कॉलम असे आहेत. A ऑर्डर नंबर, B तारीख, C नाव, D मोबाईल, E माल, F येणे रक्कम, G पाठवल्याची तारीख, H ट्रॅकिंग नंबर, I पोहोचल्याची तारीख, J परत आल्याची तारीख, K जमा रक्कम, L जमा तारीख, M यूपीआयचा १२ आकडी नंबर, N गिऱ्हाइकाला परत दिलेले, O कुरिअरचा खर्च, P बाकी. बाकी हाताने लिहायची नाही, तिथे हे सूत्र:

```
=IF(A2="","",IF(J2="",F2,0)-K2+N2)
```

पार्सल परत आलं की येणं आपोआप शून्य होतं. गिऱ्हाइकाने आधीच पैसे भरले असतील तर बाकी उणे दिसते, म्हणजे तेवढे आपण त्यांचे देणे लागतो. वहीत ही गोष्ट कधीच वेगळी दिसली नव्हती. आणि खाण्याचा माल परत आला तरी पुन्हा विकता येत नाही, त्यामुळे जाण्या-येण्याचा दोन्हीकडचा खर्च O मध्ये लिहितेच.

शीटची खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. घरपोच पैशांची पाच पार्सलं पोहोचली होती: ६५०, ४८०, ७२०, ३९० आणि पुन्हा ६५०. एकूण २८९०. कुरिअरवाले पार्सलमागे ४० रुपये कापतात, म्हणजे हातात २६९० यायला हवे होते. खात्यात आले २०८०. मी आधी ६१० रुपयांचं पार्सल शोधत बसले, तसं एकही नव्हतं. मग कळलं की न आलेल्या पार्सलची कापणीही झालेली नाही: ६५० वजा ४०. तेवढ्यात जाऊबाई म्हणाली, “अक्का, ६५० ची तर दोन हायेत की, कोणतं राहिलं?”

रकमेवरून ते कळणारच नव्हतं. कुरिअरने पाठवलेल्या यादीतले ट्रॅकिंग नंबर एकेक करून H शी ताडून पाहिले तेव्हा सापडलं. पोहोचल्याची तारीख होती, पण नंबर यादीत नव्हता. तो नंबर आणि तारीख देऊन तक्रार केली, पुढच्या हप्त्यात पैसे आले. तेव्हापासून K मध्ये कापून आलेली रक्कम कधीच लिहीत नाही. गिऱ्हाइकाने दिलेली पूर्ण रक्कम K मध्ये, कापलेले ४० O मध्ये. नाहीतर प्रत्येक ओळीत ४० बाकी लोंबत राहते आणि खरी थकबाकी त्यात दडते.

दुसऱ्या पानावर एवढं एकच सूत्र आहे, रोज संध्याकाळी तेवढंच पाहते. पोहोचलं पण पैसे नाहीत, अशाच ओळी तिथे येतात:

```
=FILTER('ऑर्डर'!A2:P,'ऑर्डर'!I2:I<>"",'ऑर्डर'!P2:P>0)
```

सगळं आलेलं असेल तर तिथे `#N/A` दिसतं. ते बिघाड नव्हे, एकही ओळ उरलेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

सुरू करताना दोन गोष्टी आधीच करा. File मधल्या Settings मध्ये Locale भारत ठेवा, नाहीतर ५ जूनचा ६ मे होतो. आणि D, H, M हे कॉलम Format मधून Plain text करा. कुरिअरची यादी एक्सेलमध्ये उघडली की लांब नंबर 1.23E+13 सारखे दिसतात आणि तसेच चिकटवले तर मूळ आकडे जातात. आमच्या दोन ओळी अशाच वाया गेल्या, पावत्या होत्या म्हणून नंबर पुन्हा घालता आले.

एक अडचण अजून आहे. चार पाकिटांतलं एकच फुटून परत आलं, तर हे सूत्र अख्ख्या ऑर्डरचं येणं शून्य करतं. अशा वेळी ती ओळ मी ११७अ आणि ११७ब अशी तोडते, रक्कम दोघांत वाटते आणि J मध्ये तारीख फक्त फुटलेल्या पाकिटाच्या ओळीत घालते.