वाचनाचे गट पाडताना: लेखी पेपर की समोर बसून वाचन?

चौथीच्या वर्गाला एकच लेखी पेपर दिला की तासाभरात सगळ्यांचे गुण हातात येतात. पण ज्याला अक्षरओळख नाही आणि ज्याला शब्द वाचता येतात पण लिहिता येत नाहीत, त्या दोघांनाही शून्यच मिळतं. गट पाडायला हा शून्य काहीच कामाचा नाही.

‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणातली वाचन चाचणी एकेका मुलाला समोर बसवून घेतात. सुरुवात पहिलीच्या पातळीच्या परिच्छेदापासून होते. समजा, मुलगी एकेक शब्द तोडत, अडखळत वाचते. मग तिला सुटे शब्द द्यायचे. पाचपैकी चार बरोबर आले की ती शब्द गटात, नाहीतर अक्षरांकडे वळायचं. परिच्छेद सलग वाचला असता, तर दुसरीच्या पातळीची गोष्ट दिली असती. मूल कुठे अडतं ते इथे थेट कळतं, म्हणून गटांसाठी मी हीच निवडेन.

अर्थात वेळ जास्त लागतो. रांगेतली मुलं ऐकून परिच्छेद पाठ करतात, त्यामुळे दोन-तीन नमुने आलटून पालटून वापरावेत. आकलन मात्र यातून कळत नाही. वरच्या गटाला त्यासाठी लेखी प्रश्न द्यावेतच.