दोन सह्यांचे खाते आणि एक बेवारस जमा: सोसायटीच्या हिशेबाचा नऊ महिन्यांचा अनुभव

आमच्या 24 सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे बचत खाते एप्रिलपासून खजिनदार आणि सचिव यांच्या संयुक्त सहीने चालते. खजिनदार म्हणून हे खाते नऊ महिने वापरल्यानंतर, सह्यांपेक्षा जमेच्या नोंदींनीच मला अधिक शिकवले, असे म्हणावे लागेल.

सह्यांबाबत आधी थोडक्यात सांगतो. बँकेच्या अर्जात खाते कसे चालवायचे याचा रकाना असतो. तेथे ‘संयुक्तपणे’ असे स्पष्ट लिहून घ्यावे आणि समितीच्या ठरावातही तेच शब्द असावेत, कारण ‘दोघांपैकी कोणीही’ असे राहून गेले तर दुसऱ्या सहीला काही अर्थच उरत नाही. नेटबँकिंगमध्ये मी रक्कम भरतो आणि सचिव स्वतःच्या मोबाइलवरील ओटीपीने तिला मान्यता देतात. सचिव तीन आठवडे गावी गेले तेव्हा कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवण्याचा प्रस्ताव आला होता. मी तो नाकारला आणि विजेचे देयक त्यांच्याकडून गावाहूनच मंजूर करून घेतले. आदर्श उपविधींप्रमाणे सचिवांसोबत अध्यक्ष किंवा खजिनदार यांपैकी एकाची सही चालते. त्यामुळे माझ्या गैरहजेरीसाठी अध्यक्षांचे नावही बँकेत आधीच नोंदवून ठेवायला हवे होते; ते आम्ही पुढे केले.

खरा प्रश्न जूनअखेरीस उभा राहिला. प्रत्येक सदनिकेचा मासिक मेंटेनन्स 3,200 रुपये असल्यामुळे बँकेच्या उताऱ्यात सारख्याच रकमांच्या ओळी एकाखाली एक दिसतात. 30 जूनला आमच्या रोकडवहीत बँकेची शिल्लक 2,14,600 रुपये होती, तर बँकेच्या उताऱ्यात 2,20,300 रुपये. फरक 5,700 रुपयांचा. बँकेत पैसे जास्तच आहेत म्हणून दुर्लक्ष करावे, असा मोह समितीतील काहींना झाला.

ताळमेळ पत्रक मांडल्यावर फरक उलगडला. लिफ्टच्या कंत्राटदाराला दिलेला 8,500 रुपयांचा धनादेश त्याने अजून बँकेत भरला नव्हता, म्हणून बँकेची शिल्लक तेवढी जास्त दिसत होती. दोन सभासदांचे मिळून 6,400 रुपयांचे धनादेश आम्ही जमा दाखवले होते, पण ते वटायचे होते, म्हणून ती तेवढी कमी. बँकेने जमा केलेले 400 रुपयांचे व्याज वहीत आले नव्हते. या तिन्हींचा हिशेब धरून 2,500 रुपये जुळतात. उरलेले 3,200 रुपये म्हणजे 9 जूनला यूपीआयने आलेली, वहीत कोठेही नसलेली एक रक्कम होती. पाठवणाऱ्याचे नाव आमच्या सभासद यादीत नव्हते.

त्या महिन्यात तीन सदनिकांची थकबाकी होती आणि प्रत्येकीची रक्कम नेमकी 3,200. त्यांपैकी एकीच्या नावे अंदाजाने जमा टाकली असती तर पत्रक त्याच दिवशी जुळले असते, पण दोन सभासदांची खाती चुकली असती. म्हणून ती रक्कम 9 जून या तारखेनेच ‘सस्पेन्स’ खात्यात, म्हणजे कोणाची ते न कळलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, घेतली आणि तिन्ही सभासदांना विचारणा केली. एका सदनिकेत भाडेकरू राहतात. त्यांनी मालकाच्या सांगण्यावरून पैसे परस्पर पाठवले होते. त्यांच्या मोबाइलवरील बारा अंकी व्यवहार क्रमांक उताऱ्यातील क्रमांकाशी जुळला, तेव्हाच रक्कम सस्पेन्समधून त्या सदनिकेच्या खात्यात वर्ग केली. पावतीवर बँकेत रक्कम आल्याची 9 जून हीच तारीख घातली, शोध लागल्याची नव्हे.

तारखेचा हा आग्रह क्षुल्लक वाटेल, परंतु तोवर जुलैचे देयक निघून गेले होते आणि त्यात या सदनिकेला 3,200 रुपयांवर वार्षिक 18 टक्के दराने एका महिन्याचे 48 रुपये व्याज लागले होते. उपविधींप्रमाणे थकबाकीवर कमाल 21 टक्के सरळ व्याज आकारता येते. आमच्या सर्वसाधारण सभेने 18 ठरवले आहे. पैसे मुदतीत आले होते, म्हणून व्याजाची नोंद खोडून न टाकता उलट नोंदीने रद्द केली, जेणेकरून लेखापरीक्षकांना आकारणी आणि माघार दोन्ही दिसतील. रक्कम 48 रुपयांचीच, पण सदनिकेचे मालक त्यासाठी दोनदा माझ्या दारात आले आणि त्यांचे म्हणणे बरोबरच होते. धनादेश न वटल्यासही आम्ही हेच करतो: मूळ पावती तशीच ठेवून तेवढ्याच रकमेची उलट नोंद आणि बँकेचे शुल्क संबंधित सभासदाच्या नावे.

आता देयकावर ‘पैसे पाठवताना शेऱ्यात सदनिका क्रमांक लिहावा’ अशी ओळ असते, आणि ताळमेळ तिमाहीऐवजी दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत होतो. पत्रकावर माझ्यासोबत सचिवांचीही सही असते. तरीही काही ॲपमधून पाठवलेला शेरा बँकेच्या उताऱ्यात अर्धवट छापला जातो. सस्पेन्स खात्यात आजही 3,200 रुपयांची एक ओळ आहे आणि तिच्या मालकाला मी शोधतो आहे.