३०० रेषांची ग्रेटिंग की ६०० रेषांची?

म्हापशाची भाची बीएस्सीच्या प्रॅक्टिकलसाठी अडली होती: सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन पिवळ्या रेषा वेगळ्या दिसायला ग्रेटिंग, म्हणजे प्रकाश रंगांत फोडणारी बारीक रेषांची काच, मिलिमीटरला ३०० रेषांची घ्यावी की ६०० ची?

आधी ऑर्डर, म्हणजे मधल्या सरळ प्रतिमेच्या एका बाजूला एकामागून एक मिळणारे वर्णपट, किती ते मोजू. sinθ १ च्या पुढे जात नाही, म्हणून ग्रेटिंगच्या दोन रेषांमधल्या अंतराला, म्हणजे d ला, तरंगलांबी λ ने भागायचं आणि अपूर्णांक सोडायचा. ६०० साठी १६६७/५८९ म्हणजे २.८३, तेव्हा दोनच ऑर्डर. ३०० साठी ५.६६, म्हणजे पाच.

पाच बघून हुरळू नका. रेषा सुटायला ५८९/०.६, म्हणजे साधारण ९८२ विभेदनक्षमता लागते, आणि ती मिळते ऑर्डर गुणिले ग्रेटिंगवरच्या उजळलेल्या रेषा. प्रकाशाचा पट्टा १ मिलिमीटर रुंद असेल, तर ६०० ची ग्रेटिंग दुसऱ्या ऑर्डरला १२०० देते. ३०० ची तिसऱ्याला ९०० वरच अडते, चौथ्याला १२०० गाठते. गंमत म्हणजे दोन्हीकडे कोन तोच, ४५ अंश! फक्त चौथी ऑर्डर बहुधा फिकट असते. पट्टा ५ मिलिमीटर केला, की ३०० चीही पहिल्याच ऑर्डरला १५०० देते.

रेषा सोडवायच्या असतील तर ६०० घे. जास्त ऑर्डरचे कोन मोजून तरंगलांबी पडताळायची असेल तर ३००.