उसवून सोडायचं की पट्टी जोडायची? घट्ट झालेल्या ब्लाऊज-कुर्त्याचा हिशेब

घट्ट झालेला ब्लाऊज घेऊन कुणी आलं की मी आधी तो उलटा करते. अंगात घालून कुठे आवळतोय ते दाखवायची घाई सगळ्यांना असते, आणि तेही बघायचं असतंच. पण उसवून भागेल की जोड द्यावा लागेल, हे काखेखालच्या शिवणीत किती कापड दडलंय त्यावर ठरतं. शिवणीच्या आत राखलेल्या या जादा कापडाला आम्ही माया म्हणतो. टेलरकडे शिवलेल्या ब्लाऊजला ती बहुतेक वेळा पाऊण ते दीड इंच सापडते. रेडिमेड कुर्त्यात मात्र कारखान्यातलं इंटरलॉकचं मशीन शिवतानाच कड कापत जातं, त्यामुळे उरते ती जेमतेम ३-४ सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टेपवरच्या बारीक रेघा मोजण्यापेक्षा हे तोंडात बसलेलं बरं.

मायेचा हिशेब लोक चुकवतात तो इथे. आत १ इंच माया दिसली की वाटतं, घेर १ इंचाने वाढेल. तसं नाही. बाजूच्या शिवणी २ आणि प्रत्येक शिवणीत पुढचा भाग नि पाठ असे २ पदर, म्हणजे माया ४ ठिकाणी आहे. टीप पाव इंच बाहेर सरकवली की छातीचा घेर पुरा १ इंच वाढतो. म्हणून जाणता टेलर बाजूला पाव-पाव इंचावर २-३ टिपा मारून ठेवतो. आतली एक टीप उसवली की १ इंच सैल, नवी टीप मारायचंही काम नाही. बाहीला मात्र शिवण एक आणि पदर २, त्यामुळे तेवढ्याच पाव इंचात दंडाला अर्धाच इंच मिळतो.

पट्टीचं गणित याहून सोपं. दोन्ही बाजूंना एकेक पट्टी, तिची शिवून झाल्यावरची रुंदी दुप्पट करा, तेवढा घेर वाढला. कापताना दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच शिवणीसाठी धरायचा. घेर ३ इंच वाढवायचा तर शिवलेली पट्टी दीड इंचाची आणि कापलेली अडीच इंचाची.

आता एक खरा ब्लाऊज घेऊ. माझ्या मावसबहिणीचा, तिच्या लग्नातल्या पैठणीवरचा, अस्तर लावलेला. हुक लावून पाटावर सपाट ठेवला तर काखेपासून काखेपर्यंत १७ इंच भरला, म्हणजे घेर ३४. तिची छाती आता ३६. ब्लाऊज अंगापेक्षा निदान १ इंच मोठा हवा, तर हात वर करता येतो, म्हणजे घेर ३७ पाहिजे. तूट ३ इंचांची. उलटा केला तेव्हा माया बरोब्बर १ इंच निघाली. ३ इंच हवे तर प्रत्येक पदरातून पाऊण इंच घ्यावा लागणार आणि टिपेबाहेर उरणार पाव इंच. सुती कापडाला हे चालतं. रेशमाचे धागे सुटतात, आणि ब्लाऊजच्या बगलेवर जोर तर पडणारच, पाव इंचावरची टीप चार तासांच्या लग्नात कड सोडून बाहेर येते. मी रेशमाला ३ सूत तरी बाहेर ठेवतेच. म्हणून ५ सूत सोडले. चार पदरांचे २० सूत, म्हणजे अडीच इंच. घेर साडेछत्तीस झाला. अर्धा इंच कमी पडला तो तिने अंगासरशी चालवून घेतला. हुक पुढे सरकवून तो अर्धा इंच काढता आला असता, पण मग समोर फट दिसते, आणि पैठणीच्या ब्लाऊजला ती शोभत नाही.

दंडघेर ११ होता, हवा होता १२. बाहीच्या टोकाला ४ सूत सोडले की २ पदरांत तो १ इंच मिळतो. म्हणजे नवी टीप बाहीच्या टोकाला ४ सुतांवर सुरू झाली, काखेत ५ सुतांवर आली आणि तिथून कमरेपर्यंत तशीच गेली. हे जमलं, कारण बाही आधी मुंढ्याला लावून मग बाहीपासून कमरेपर्यंत एकच सलग शिवण घातलेली होती. काही ठिकाणी बाजू आधी शिवतात आणि बाही गोल करून मागाहून बसवतात. तसं असेल तर काखेत बाहीही दोन्हीकडे २-२ इंच उसवावी लागते. नाहीतर बाजू सोडल्याने मुंढा मोठा होतो, बाही तेवढीच राहते आणि काखेत चुण्या पडतात.

उसवण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली, काखेतले कापे. शिवण वळणावर ताणू नये म्हणून मायेला कात्रीने बारीक कापे दिलेले असतात. ते जुन्या टिपेपर्यंत आत गेले असतील तर टीप बाहेर सरकवल्यावर कापा अंगाच्या बाजूला येतो आणि दर्शनी भागात भोक पडतं. ब्लाऊज उलटा करून काखेचा भाग उजेडासमोर धरला की कापे किती खोल आहेत ते दिसतं. खोल असतील तर तिथे माया कितीही असो, ती नाहीच असं समजायचं. दुसरी, अस्तर. पुष्कळदा वरच्या कापडाला १ इंच माया असते आणि अस्तर मात्र कापड वाचवायला अर्ध्यावर कापलेलं असतं. मग हिशेब अस्तराचा धरावा लागतो, किंवा अस्तराला जोड द्यावा लागतो; तो आतच राहतो, दिसत नाही.

तिसरी गोष्ट सुईची छिद्रं आणि रंग. जुनी टीप होती तिथे छिद्रांची रांग राहते. सुती कापड ओलं करून इस्त्री मारली की ती बहुतेक बुजते. सॅटिन, टिश्यू आणि घट्ट विणीच्या रेशमावर ती तशीच राहते. रंगाचा प्रश्न याहून अवघड. सात-आठ वर्षं उजेड आणि घाम खाल्लेलं कापड बाहेर आणि कोरं कापड आत, ते शेजारीशेजारी आले की बगलेखाली गडद पट्टा उमटतो. म्हणून मी आधी कमरेपाशी फक्त १ इंच उसवते, वाफ देते आणि खिडकीत नेऊन बघते. कमरेपाशी पट्टा दिसला तर काखेत तो नक्की जास्त दिसणार, कारण घामाचा डाग तिथेच असतो. मावसबहिणीच्या ब्लाऊजला फिकट रेघ आली, पण हात खाली असताना ती झाकली जात होती. आम्ही तेवढ्यावर समाधान मानलं.

रेडिमेड कुर्त्याची गोष्ट वेगळी. ४ सूत मायेतले २ सूत घेतले तर चार पदरांचा मिळून १ इंच सुटतो, आणि त्यासाठी सगळा इंटरलॉक उसवून कड पुन्हा बांधावी लागते. १ इंचाने काम होणार असेल तर ठीक. त्याहून जास्त हवं असेल तर सरळ पट्टीकडे वळावं. लोक कचरतात ते जुळतं कापड नसतं म्हणून. पण कुर्ता लांब असेल तर ते कापड कुर्त्यातच असतं.

शेजारच्या काकूंचा सुती छापील कुर्ता असाच होता. लांबी ४५ इंच, छातीचा घेर ३८, हवा ४१. त्यांना तो गुडघ्याखाली जातो हे तसंही आवडत नव्हतं. खालची १ इंचाची दुमड उसवली आणि पुढून एक, मागून एक अशा अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या. कापलेल्या कडेला नव्याने १ इंच दुमड घातली. कुर्ता साडेबेचाळीसवर आला आणि हातात २२ इंच लांबीच्या २ पट्ट्या आल्या, कारण खालचा पन्हा तेवढा होता. काखेपासून कटापर्यंत १४ इंच लागतात. वरचे ८ इंच बाहीत गेले. शिवून झाल्यावर दीड इंचाची पट्टी दोन्ही बाजूंना, म्हणजे हवे ते ३ इंच भरले.

पट्टी सगळीकडे सारख्या रुंदीची ठेवायची गरज नसते. काकूंना घट्ट होत होतं छातीत आणि दंडात, नितंबावर नाही. म्हणून काखेत पूर्ण रुंदी ठेवून खाली कटापर्यंत आणि वर बाहीत कोपरापर्यंत ती निमुळती करत टोकाला आणली. अशी लांबट कळी बसवली की कट जसाच्या तसा राहतो. नितंबावरही घट्ट असेल तर पट्टी कटापर्यंत रुंदच न्यावी लागते आणि तिचं खालचं टोक दुमडून कटाच्या तोंडाशी टिपायचं. मग कटाच्या वरच्या टोकाला दीड इंचाची सपाट जागा दिसते. वाईट दिसत नाही, पण लपतही नाही. आणखी एक, खालून आडवी कापलेली पट्टी उभी बसते, त्यामुळे छापही आडवा होतो. बारीक बुट्ट्यांना कळत नाही. उभ्या रेघांचा कुर्ता असेल तर बगलेत रेघा आडव्या धावतील, तिथे साध्या रंगाची पट्टी मुद्दाम लावलेली बरी. जुन्या दुमडीची फिकट रेघ पट्टीवर पहिल्यांदा दिसते, काकूंच्या कुर्त्याला ती दोन धुण्यांत गेली.

ब्लाऊजला पट्टी लावायची वेळ आली तर मी साडीच्या रंगाच्या साध्या रेशमाची सुचवते. काठाच्या बाहीला मात्र ती टोकापर्यंत नेऊ नये, काठ तुटलेला लगेच डोळ्यात भरतो. काठाच्या वर थांबता येत नसेल, कारण दंडातच घट्ट आहे, तर पट्टीच्या टोकाला काठाचा तुकडा जोडावा लागतो. तो पदराच्या आतल्या टोकाला किंवा निऱ्यांच्या आत खोचल्या जाणाऱ्या टोकाला मिळू शकतो, पण त्यासाठी साडीला कात्री लावायची तयारी लागते.

दोन्ही उपाय थांबतात ते खांद्यापाशी. अंगात घातल्यावर चुण्या हुकांपासून बगलेकडे आडव्या जात असतील तर घट्टपणा घेरात आहे, उसवून किंवा पट्टीने तो जातो. पाठीवर वरच्या बाजूला, दोन बाह्यांच्या मध्ये ताण येत असेल, किंवा बाहीची शिवण खांद्याच्या हाडाच्या आत चढत असेल, तर बगलेत कितीही कापड घाला, काही फरक पडत नाही. घेरात ४ इंचांहून जास्त तूट असली तरी तेच. टक्स आपल्या जागेवरून बाजूला ओढले जातात आणि छातीचा आकार चुकीच्या जागी बसतो. टक्स उसवून घेर मिळतो, हे खरं; पण छिद्रांची रांग मग ऐन समोर येते, आणि ब्लाऊज पोत्यासारखा लोंबतो. अशा वेळी ८० सेंटिमीटरचं जुळतं कापड घेऊन नवा शिवावा, छाती ४० च्या पुढे असेल किंवा बाही लांब हवी असेल तर १ मीटर. शिवायला टाकतानाच दोन्ही बाजूंना दीड इंच माया, अस्तरालाही तेवढीच, आणि काखेत कापे अगदी उथळ, एवढं टेलरला चिठ्ठीवर लिहून द्यावं. तोंडी सांगितलेलं कापताना विसरलं जातं.